हार्डिनचे गुराखी मुके का होते?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे निबंध तपासायचं काम मी काही वर्षं केलं. त्यात एक सवय लागली. लाल पेन हातात घेतलं की आधी ‘की’ शोधायचा. विकास की पर्यावरण, शिस्त की स्वातंत्र्य, धरण की तहान. एकदा का हा ‘की’ सापडला, की पुढचा निबंध न वाचताही सांगता यायचा. पहिल्या परिच्छेदात दोन वाटा, मधल्या तीन परिच्छेदांत पहिल्या वाटेची यथेच्छ धुलाई, आणि शेवटी ‘म्हणून दुसऱ्या वाटेशिवाय गत्यंतर नाही’. दुसऱ्या वाटेच्या बाजूनं एकही मुद्दा मांडलेला नसायचा. पहिली हरली म्हणून दुसरी जिंकली, एवढाच काय तो पुरावा.

गंमत म्हणजे यातला तर्क चोख असतो. ‘हे तरी खरं किंवा ते तरी, हे खरं नाही, म्हणून ते खरं.’ या साखळीत कुठंच खोट नाही. खोट असते ती पहिल्या कडीत, ‘दोनच वाटा आहेत’ या विधानात. आणि ते विधान लेखक सिद्ध करत नाही, नुसतं सांगून पुढं जातो. तर्कशास्त्राची पुस्तकं याला खोटा पेच म्हणतात. आपल्याकडे ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणतात. पण त्या आड-विहिरीच्या मधोमध उभा असलेला माणूस तिथवर आला कुठल्या वाटेनं, हे म्हण सांगत नाही. तसा लेखकही सांगत नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला म्हणावा असा एक धोरणविषयक निबंध वाचकांनी नेमका याच साच्यात बसवला, आणि त्या साच्यावर काही दशकं धोरणं आखली गेली. त्याचीच हकिगत सांगतो, कारण खोट्या पेचात तिसरी वाट कशी दडलेली असते आणि ती हुडकायची कशी, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

१३ डिसेंबर १९६८ रोजी ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा सहा पानांचा निबंध छापून आला. नाव ‘द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’, म्हणजे सामाईक मालमत्तेची शोकांतिका. निबंध खरं तर लोकसंख्येवर होता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यातलं एका कुरणाचं चित्र, जे त्यानं १८३३ सालच्या विल्यम फॉर्स्टर लॉइड या इंग्रज अर्थतज्ज्ञाकडून उचललं होतं.

चित्र असं. एक कुरण आहे, सगळ्यांना मोकळं. समजा त्यावर दहा गुराखी आपली जनावरं चारतात. एकानं कळपात एक गाय वाढवली, तर तिच्या दुधाचा आणि विक्रीचा सगळा पैसा त्याच्याच खिशात. एका जनावराच्या जादा चराईनं कुरणाचं जे नुकसान होईल, ते मात्र दहा जणांत वाटलं जाणार, म्हणजे त्याच्या वाट्याला एक दशांश. फायदा पूर्ण, तोटा दशांश. शहाणा गुराखी गाय वाढवणारच. पण बाकीचे नऊही तितकेच शहाणे. प्रत्येक जण वाढवत जातो आणि शेवटी कुरणाचा उजाड माळ होतो. यात कुणी दुष्ट नाही, कुणी मूर्ख नाही. म्हणून तर ती शोकांतिका.

हिशेब बिनतोड आहे. मग उपाय काय? हार्डिनच्या १९६८ च्या निबंधात उत्तर थोडं सैल होतं. परस्परांच्या संमतीनं ठरवलेली परस्परांवरची सक्ती, असा एक शब्दप्रयोग त्यानं केला होता, आणि त्या शब्दांत बऱ्याच शक्यता मावतात. पण पुढच्या दहा वर्षांत त्याचे वाचक, आणि मग तो स्वतःही, ते सैल धागे आवळत गेले. एक गट म्हणू लागला की कुरण वाचवायचं तर सरकारच्या हाती कडक अधिकार द्या. दुसरा म्हणाला, कुरणाचे तुकडे पाडा आणि ज्याचा त्याला सातबारा द्या. आपल्या तुकड्याची काळजी जो तो घेईल. १९७८ च्या एका लेखात खुद्द हार्डिननंही पर्याय दोनच ठेवले, खासगी मालकी किंवा समाजवाद. दोन्ही गट एकमेकांशी कडाकडा भांडत होते. त्या भांडणाच्या आवाजात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे ‘तिसरं काही नाही’ या एका मुद्द्यावर दोघांचं मेतकूट होतं.

इथं माझं लाल पेन थांबतं. ‘खासगी’च्या विरुद्ध काय? चटकन तोंडात येतं, ‘सरकारी’. पण तर्कानं पाहिलं तर ‘खासगी’च्या विरुद्ध फक्त ‘खासगी नसलेलं’ येतं. ‘सरकारी’ हा त्या ‘खासगी नसलेल्या’ मोठ्या वाड्यातला एक कोपरा झाला. पांढऱ्याच्या विरुद्ध काळं नव्हे, पांढरं नसलेलं. त्यात हिरवं, पिवळं, मातकट सगळं आलं. लेखक अख्ख्या वाड्याचं नाव घेतो आणि हळूच एका खोलीचा दरवाजा उघडतो. आपण आत जातो आणि वाडा एवढाच समजतो. म्हणून ‘हे की ते’ दिसलं की मी पोरांना दुसरा शब्द खोडायला लावायचो आणि त्या जागी ‘पहिलं नाही ते’ असं लिहायला सांगायचो. वाक्य कानाला विचित्र लागतं. पण मग ‘पहिलं नाही’ त्यात काय काय बसतं, त्याची यादी आपसूक सुरू होते.

तरी रिकामी यादी फारशी कामाची नाही. त्यात भरायचं काय, ते लेखकाच्या चित्रातच सापडतं, फक्त चित्रात काय नाही ते बघावं लागतं. हार्डिनच्या कुरणाकडे पुन्हा बघा. त्याला शीव नाही. कुणीही येऊन चारावं. गुरं कुणी मोजत नाही. बाहेरगावचा कळप आला तर हटकणारं कुणी नाही. तिथं हिवाळा नाही, उन्हाळा नाही. आणि सर्वांत नवल म्हणजे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. दहा माणसं वर्षानुवर्षं एकाच माळावर गुरं चारतात, डोळ्यांदेखत गवत संपत जातं, आणि एकही जण दुसऱ्याला ‘अरे, जरा आवर’ म्हणत नाही! आपल्याकडचे दहा गुराखी डोळ्यांपुढं आणा. दुपारी झाडाखाली भाकरीची फडकी सुटली की पहिला विषय कुणाच्या बैलानं कुणाचं वैरण खाल्लं हाच असतो.

हे मुकेपण निसर्गातून आलेलं नाही. हिशेब नीट जुळावा म्हणून लेखकानं त्यांची तोंडं बांधली. हिशेबाला ते चालतंही. प्रत्येक प्रारूपात काहीतरी गाळावं लागतं. पण हिशेबासाठी बांधलेली तोंडं धोरण लिहिताना सोडायची राहून गेली.

ती सोडण्याचं काम केलं एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी. त्यांचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक १९९० मध्ये आलं. त्यांनी हार्डिनच्या हिशेबाशी वाद घातला नाही. जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवलेली खरी कुरणं, खरे पाट, खरे मासेमारीचे किनारे त्यांनी गोळा केले आणि तिथं माणसं प्रत्यक्षात काय करतात ते तपासलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांच्या पुस्तकातलं तुर्कस्तानच्या अलान्या गावचं उदाहरण मला फार आवडतं. भूमध्य समुद्राच्या काठी शंभरेक मच्छीमार, बहुतेकांच्या होड्या दोन-तीन माणसांच्या. १९७० च्या आसपास तिथं हार्डिनचं कुरण जसंच्या तसं उभं राहिलं होतं. मोक्याच्या जागांवरून मारामाऱ्या होत होत्या आणि मासेमारीचा खर्च वाढत होता. मग स्थानिक सहकारी संस्थेच्या मंडळींनी वाटणीच्या रीती करून बघायला सुरुवात केली. चुका करत, दुरुस्त करत, दहाएक वर्षांत जी रीत बसली ती अशी.

दरवर्षी सप्टेंबरात परवानाधारक मच्छीमारांची यादी होते. संस्थेचा सभासद असो वा नसो, नाव येतं. दुसरी यादी होते ती जागांची. प्रत्येक जागेला नाव आहे, आणि दोन जागांमध्ये इतकं अंतर ठेवलेलं असतं की एकाचं जाळं शेजारच्याचे मासे अडवणार नाही. मग चिठ्ठ्या टाकून पहिल्या दिवशीची जागा ठरते. खरी मेख पुढं आहे. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकतो, आणि जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत रोज एक जागा पश्चिमेला. का? कारण त्या किनाऱ्यानं फिरणारे मासे आधी एका दिशेनं जातात आणि नंतर उलट फिरतात. माशांच्या वाटेचा हा हिशेब कुठल्या राजधानीतल्या कार्यालयाला सुचणं कठीण होतं. तो होडीत बसलेल्यांनाच ठाऊक होता.

आणि राखण कोण करतं? कुणीच नाही, आणि सगळेच. ज्या दिवशी माझी चांगल्या जागेची पाळी असते, त्या दिवशी मी भल्या पहाटे तिथं हजर असणारच. दुसरा कुणी आधीच जाळं टाकून बसला असेल तर ते सर्वांत आधी मलाच कळणार, आणि बाकीचे माझ्या बाजूनं उभे राहणार, कारण उद्या त्यांचीही पाळी यायची असते. तंटा बहुधा गावच्या कॉफीच्या दुकानातच मिटतो. ठरलेली यादी नगराध्यक्षांकडे आणि स्थानिक पोलिसांकडेही ठेवलेली असते.

आता सांगा, हा समुद्र खासगी की सरकारी? जागा कुणाच्या मालकीची नाही, ती रोज बदलते. सरकारी म्हणावं तर एकही अधिकारी होडीत बसत नाही. पण सरकार पूर्ण बाजूलाही नाही. परवाना त्याचाच, यादीची प्रतही त्याच्या दप्तरी. तिसरी वाट म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधली, पन्नास-पन्नास टक्क्यांची तडजोड असेल, अशी आपली समजूत असते. अलान्याची रीत तशी नाही. ‘मालक कोण’ हा प्रश्नच तिनं बाजूला ठेवला आणि ‘आज कुणाची पाळी’ हा विचारला. खोट्या पेचातून सुटका बहुधा अशी होते, प्रश्नाचा रोख बदलून.

हार्डिनच्या कुरणात नसलेला हिवाळा स्वित्झर्लंडच्या तोर्बेल गावात सापडतो. तिथल्या सामाईक डोंगरकुरणाचा एक नियम १५१७ सालचा आहे. हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गायी जगवू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात वर चारायला न्यायच्या. एका वाक्यात कळपाचा आकार घरच्या गंजीला बांधून टाकला. बाहेरून गुरं आणून फुकटात पोसण्याची सोयच उरली नाही. जादा गाय सापडली तर दंड, आणि दंडातली अर्धी रक्कम पकडणाऱ्या गावकामगाराची. तो डोळे मिटून बसणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे वाचून ‘परदेशात चालतं हो’ असं कुणी म्हणेल. आपल्याकडे हाच पेच हार्डिनच्या नव्वद वर्षं आधी कायद्यात उतरला होता. १८७० च्या दशकात इंग्रज सरकार भारतातल्या जंगलांचा कायदा करत होतं. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं की लेखी सनद असेल तो हक्क; बाकी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या लाकूड, गवत, चराई वापरत आले असतील, ती सरकारची मेहेरबानी, केव्हाही काढून घेता येणारी. म्हणजे कागद असेल तर तुझं, नसेल तर सरकारचं. गावाच्या वहिवाटीला या वर्गीकरणात खोलीच नव्हती. याला विरोध करणारे सरकारातही होते. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ गावांच्या वनांना जागा ठेवा म्हणत होते. १८७८ च्या कायद्यात ‘ग्रामवन’ हे प्रकरण आलं खरं, पण ते बहुतांशी कागदावरच राहिलं.

त्याचा चटका कुणाला बसला, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नोंदवून ठेवलं आहे. जंगलखात्यानं डोंगर, दऱ्यांबरोबर गायरानंही गिळली आणि शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना थारा उरला नाही, ही त्यांची तक्रार. ‘गायरान’ हा शब्दच बघा. ना कुणाचं खासगी, ना सरकारी. गावच्या गाईंचं रान. तिसऱ्या वाटेसाठी आपल्या भाषेत घरगुती शब्द होता, आणि धोरणाच्या भाषेत तो बसत नव्हता म्हणून वस्तूच नाहीशी होत गेली. धोरणाच्या लेखात स्थानिक शब्द कुठले गाळलेत हे बघणं, तिसरी वाट शोधायचा माझ्या मते हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

ती खोली पुन्हा उघडायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला त्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हे गाव आधीपासूनच सर्वसहमतीनं कारभार करणारं. ग्रामसभेत एकाचंही मन वळलं नाही तर निर्णय थांबवून ठेवायचा, ही त्यांची रीत. तरी हक्क मिळाल्यावरही जुना पेच चिवटपणे आडवा आला. बांबू हे झाड की गवत? झाड म्हटलं तर लाकूड, म्हणजे वनखात्याचं. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, आणि नव्या कायद्यानं तर बांबूला नाव घेऊन गौण वनोपजात घातलं होतं. तरीही वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती येईना. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेच्या ताब्यात आलं आणि गावानं आपला बांबू स्वतः विकला.

इतकं सांगितल्यावर मलाच माझ्यावर लाल पेन चालवायला हवं. ‘सरकार नको, बाजार नको, गावच सगळं करेल’ हा तिसऱ्या वाटेचा जयघोषही तितकाच एकेरी आहे. ऑस्ट्रॉमबाईंच्याच पुस्तकात श्रीलंकेतल्या मावेल्ले या किनारी गावाची गोष्ट आहे. तिथं रापणीची मोठाली जाळी किनाऱ्यावरून ओढत. एका जाळ्याला आठ माणसं लागत आणि जाळ्यांच्या पाळ्या अलान्यासारख्याच काटेकोर ठरलेल्या. पाळीत कुणी लबाडी करत नव्हतं. पण नवं जाळं आणण्यावर आळा नव्हता. जाळं म्हणजे पाळीतला वाटा, म्हणून जो तो जाळं करत गेला. नव्या जाळ्यांना मनाई करणारा सरकारी नियम होता, पण ओळखीपाळखी लावून तो वाकवला जाई. जाळी वाढली तशी प्रत्येकाची पाळी दुर्मीळ झाली आणि मिळकत घसरली. हार्डिनची शोकांतिका तिथं जशीच्या तशी घडली, उत्तम नियमांसकट. अलान्यात जागा आणि माणसं दोन्हींची मोजदाद होती. मावेल्लेत माणसांची शीव आखलेलीच नव्हती.

म्हणजे हार्डिनचा हिशेब खोटा नव्हता. शीव नसलेल्या जागी तो आजही लागू पडतो. खोल समुद्रातल्या माशांना लागू पडतो, ज्या हवेत सगळे देश धूर सोडतात तिला लागू पडतो. तिथं गुराखी लाखो आहेत आणि एका झाडाखाली बसत नाहीत. काही पेच खरेही असतात. खाट एक आणि अत्यवस्थ रुग्ण दोन असले तर त्या रात्री तिसरी वाट शोधत बसणं हा निर्णय टाळण्याचा बहाणा ठरेल. फरक ओळखायचा तर मी एवढंच बघतो: दोनच वाटा का, याचं कारण लेखकानं दिलंय का? अवधी नाही, जागा नाही, पैसा नाही असं काही ठोस कारण दिलं असेल तर त्याची शहानिशा करता येते. कारणच नसेल आणि त्याऐवजी एखादं देखणं चित्र असेल, तर चित्रातल्या माणसांची तोंडं बांधलेली आहेत का ते बघावं.

हार्डिननं अखेर हे मान्य केलं, आणि तेही त्याच ‘सायन्स’मध्ये. १९९८ साली, मूळ निबंधाला तीस वर्षं होत असताना त्यानं लिहिलं की टीकाकारांचं वाचून असं दिसतं की आपली सर्वांत मोठी चूक एक विशेषण गाळण्याची झाली. ‘सामाईक’च्या आधी त्याला ‘व्यवस्था नसलेलं’ असा अर्थ देणारा एक शब्द हवा होता. तो शब्द घातला की निबंध बरोबर होतो, फक्त मग त्यातून ‘सरकार की बाजार’ निघत नाही. मूळ निबंध अजूनही संकलनांमधून, अभ्यासक्रमांमधून छापला जातो, १९६८ साली होता तसाच, त्या शब्दाशिवाय.